ठरलेले आणि सुचलेले

आखून चालणारा आणि सुचेल तसा चालणारा असे दोघे जोडीदार असले, की त्यांच्या भांडणाचे निमित्त बहुधा क्षुल्लक असते. निघायला झालेला उशीर, न कळवता जेवायला आणलेला मित्र, वाटेत बदललेला बेत. सूर मात्र निमित्ताच्या मानाने फारच वरचा लागतो. अर्ध्या तासाच्या उशिरावरून गोष्ट ‘तुला माझी किंमतच नाही’ इथपर्यंत जाते आणि हे वाक्य दोघांच्याही तोंडून येते. दोघांनाही आपल्याला गृहीत धरले गेले असे वाटते, आणि दोघांकडेही त्याला पुरेसे कारण असते.

प्रस्तुत लेखिकेच्या घरातले उदाहरण मालवणच्या सहलीचे आहे. लेखिका आखणारी, नवरा आयत्या वेळच्या सुचण्यावर विश्वास ठेवणारा. सहल नाताळच्या सुट्टीत, ठाण्याहून रेल्वेने कुडाळ आणि तिथून मालवण अशी ठरली. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि नाताळात कोकणच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. म्हणजे सकाळी आठच्या आधी लॉगिन करून बसणे आले. घरगुती राहण्याची जागा शोधणे, तिथे आगाऊ रक्कम पाठवणे, कुडाळ स्टेशनवर रिक्षा सांगून ठेवणे ही कामेही त्याच ओघात झाली. नवऱ्याला प्रत्येक टप्प्यावर विचारले गेले होते आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर ‘चालेल’ असे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला पाहून दुपारी जेवायला परत यायचे होते. नाश्ता होता होता नवरा म्हणाला, “किल्ला कुठे पळून जातोय? आज वेंगुर्ल्याला जाऊ. हवा बघ काय आहे!” सूचना वाईट नव्हती, हवा खरोखरच सुंदर होती. पण मालवणातल्या घरगुती जेवणाची एक रीत असते. दुपारी किती माणसे जेवणार हे सकाळीच विचारले जाते आणि त्या हिशेबाने मासळी आणली जाते. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी दोघांसाठी सुरमई आणून ठेवली होती. आता जेवायला येत नाही हे त्यांना सांगणार कोण? होडीवाल्याला फोन कोण करणार? नवरा तोवर गाडी भाड्याने मिळते का ते पाहायला बाहेर पडलाही होता. फोन लेखिकेने केले, दिलगिरी तिने व्यक्त केली, जेवणाचे पैसेही तिनेच दिले. वेंगुर्ल्याच्या वाटेवर दोघे एकमेकांशी जेमतेम बोलले.

दुखते ते इथे. बदल एकाला सुचतो आणि त्याची निस्तरानिस्तर दुसऱ्याकडे जाते. आखणाऱ्याच्या लेखी बेत म्हणजे आधीच करून झालेले काम असते. तो सहज मोडला गेला, की त्यामागची मेहनत कोणाच्या खिजगणतीत नव्हती असा अर्थ निघतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात घरातल्या या डोक्यातल्या कामाचे चार भाग पाडले: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरल्याप्रमाणे होते आहे ना यावर लक्ष ठेवणे. त्यांना असे दिसले, की निर्णयात दोघेही असतात; पहिला आणि शेवटचा भाग मात्र बहुतेक बायकांकडे असतो. त्यामुळे ‘आपण मिळून ठरवले’ असे नवरा प्रामाणिकपणे म्हणू शकतो, कारण त्याला दिसतो तो निर्णयाचाच क्षण. ‘चालेल’ या उत्तराचा अर्थही दोघांच्या लेखी वेगळा असतो. तिला तो दिलेला शब्द वाटतो, त्याला तूर्त हरकत नाही एवढेच म्हणायचे असते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि आखणारे ती सहसा ऐकून घेत नाहीत. आठवडाभर कार्यालयाच्या वेळा पाळलेल्या माणसाला शनिवारी सकाळी कळते की अकराला पडद्यांचे माप घ्यायला माणूस येणार, एकला मावशीकडे जेवण आणि पाचला नाटक. आपला सुट्टीचा दिवस आपल्याला न विचारता वाटून टाकला, असे त्याला वाटते. यात नाटकही नकोसे होते, एरवी ते त्याला आवडले असते. सेलिन माल्कोच आणि गॅब्रिएला टोनिएटो या संशोधकांनी २०१६ साली नेमके हेच दाखवले: करमणुकीला घड्याळातली नेमकी वेळ लावली, की ती कामासारखी वाटू लागते आणि तिची मजा कमी होते. तीच गोष्ट ढोबळ ठरवली, म्हणजे ‘दुपारच्या सुमारास कधीतरी’, तर हा परिणाम दिसत नाही.

यावरून काय घट्ट ठरवायचे आणि काय मोकळे सोडायचे याचा बराचसा निवाडा होतो. जिथे तिसरा माणूस अडकलेला आहे किंवा पैसे गुंतले आहेत, ते घट्ट: तिकीट, खोली, होडी, सुरमई. बाकीचे सैल. लेखिकेच्या पुढच्या सहलींत दिवसाला एकच गोष्ट पक्की असते आणि उरलेला वेळ रिकामा ठेवलेला असतो. तो खरोखर रिकामा ठेवणे आखणाऱ्याला वाटते त्याहून अवघड जाते. दुसरा नियम अधिक उपयोगी पडला: बदल ज्याला सुचेल, फोन त्यानेच करायचे. या नियमाने नवऱ्याचे सुचणे बंद झाले नाही. पण काकूंना स्वतः नाही म्हणायची वेळ आली, की निम्म्या कल्पना उद्यावर जातात. ज्या उरतात त्या बहुधा चांगल्या असतात.

रोजच्या वेळापत्रकात हे इतके सरळ नसते. ‘निघतोच आहे’ असे फोनवर सांगणारा माणूस अजून खुर्चीत बसलेला असतो, आणि तो खोटे बोलत असतोच असे नाही. निघायची इच्छा झाली म्हणजे निघालो असे त्याला वाटते. हा स्वभाव की बेपर्वाई, हे ओळखायला एक खूण सांगितली जाते: साहेबाच्या बैठकीला तो वेळेवर पोचतो का? खूण पुरती विश्वासाची नाही, कारण कार्यालयात वेळ पाळायला आठवण देणारे कॅलेंडर आणि हाक मारणारे सहकारी असतात. मात्र उशीर होणार हे त्याला कळले असताना तो साहेबाला कळवतो आणि घरी कळवत नाही, असे वारंवार होत असेल, तर तक्रारीत तथ्य आहे. त्याचप्रमाणे आखणारीचा बेत दुसऱ्याच्या सूचनेने एकदाही बदलत नसेल, तर त्याला आखणी म्हणण्यापेक्षा हुकूमत म्हणणे बरे.

घरात इन्सुलिनवर असलेले सासरे किंवा वेळेवर न जेवल्यास किरकिरणारे मूल असले, की दोन स्वभावांतली ही तडजोड फारशी चालत नाही. तिथे उशिराची किंमत दोघांपैकी कोणीच भरत नाही, ती तिसरा भरतो. जेवणाची आणि औषधाची वेळ म्हणून वादात घ्यायचीच नसते, आणि सुचेल तसे वागायची मोकळीक जेवणानंतरच्या तासांत शोधावी लागते. लेखिकेच्या घरी ती रात्री नऊनंतर असते. आइस्क्रीम खायला तलावपाळीला जायचे की नाही, हे तेव्हाही आधी ठरलेले नसते.