‘त्या ठिकाणी’ नेमकं कुठे येतं?

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि मुलाखत 275 गुणांची. तेव्हापासून आमच्या नगर जिल्ह्यातल्या अभ्यासिकांमध्ये सराव मुलाखती वाढल्या आहेत. त्यांत मी पॅनलवर बसतो. मुलं मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात, एकदा पाहतात, ‘फार अडखळलो’ म्हणतात आणि पुढच्या मुलाखतीला लागतात. खरं काम त्या रेकॉर्डिंगनंतर सुरू होतं.

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या एका उमेदवाराचं उदाहरण घेतो. त्याला प्रश्न होता, “तुमच्या जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. मग बाकीच्या गावांना टँकर का लागतो?” त्याचं उत्तर मी त्यालाच शब्दन् शब्द लिहून काढायला लावलं:

“सर, ॲक्च्युअली हिवरे बाजारमध्ये जे आहे ते त्या ठिकाणी, म्हणजे, पाणलोटाची कामं झाली आणि त्या ठिकाणी, अं, लोकसहभाग, म्हणजे लोकांचा सहभाग होता. तर इतर गावांत, म्हणजे, तो, अं, त्या ठिकाणी तेवढा नाही, असं मला वाटतं.”

‘त्या ठिकाणी’ तीनदा, ‘म्हणजे’ तीनदा, ‘अं’ दोनदा. ऐकताना यातले निम्मे निसटतात, कारण आपल्या सवयीचे शब्द आपल्या कानाला टोचत नाहीत. म्हणून लिहून काढायचं. पण नुसती मोजणी करून थांबलं, तर पुढच्या वेळी ‘त्या ठिकाणी’ जातं आणि त्याच्या जागी ‘एक प्रकारे’ येतं. भरतीचा शब्द कुठे आला, हे पाहावं लागतं.

इथे तो तीन जागी साचला आहे. पहिली जागा उत्तराच्या सुरुवातीची. काय सांगायचं हे ठरण्याआधीच तोंड उघडलं, म्हणून चार शब्द वाया गेले. यावर उपाय शांततेचा: प्रश्न संपला की दोन सेकंद गप्प राहायचं आणि पहिलं वाक्य मनात पूर्ण करून मगच बोलायचं. बोलणाऱ्याला ती शांतता लांबलचक वाटते; रेकॉर्डिंगमध्ये ती विचारपूर्वक घेतलेली दिसते. दुसरी जागा ‘लोकसहभाग’च्या आधीची. हा पुस्तकातून उचललेला शब्द. लोकांनी नेमकं काय केलं ते डोळ्यांसमोर नव्हतं, म्हणून त्याच शब्दाची फोड करून झाली. तिसरी जागा ‘इतर गावांत’नंतरची, आणि तिथे तर कारणच माहीत नव्हतं. या दोन जागा बोलण्याच्या सरावाने सुधारत नाहीत. तिथे वाचावं लागतं.

त्याने वाचलं. पुढच्या सरावातलं उत्तर असं होतं: “हिवरे बाजारने पाणी अडवलं, तसं वापरावरही बंधन घातलं. पाऊस आणि भूजल मोजून गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. सिंचनासाठी बोअरवेल नाही, ऊस नाही. पाणलोटाची कामं इतर गावांतही झाली. उपशावरचं बंधन मात्र फार थोड्या गावांनी पाळलं.” यात भरतीचा एकही शब्द नाही, कारण त्याला शिरायला फटच उरली नाही.

आता सराव ऐकणाऱ्या मित्राचं काम. “छान झालं, फक्त कॉन्फिडन्स वाढव,” या शेऱ्याचं करायचं काय? मित्राला आधीच दोन कामं नेमून द्यावीत. एक, उत्तर संपताच ते त्याने एका वाक्यात परत सांगावं. पहिल्या उत्तरानंतर या उमेदवाराचा मित्र म्हणाला होता, “हिवरे बाजारचे लोक एकत्र आले.” टँकर त्यात कुठेच नव्हता. प्रश्न निसटल्याचं यापेक्षा स्पष्ट कसं कळणार? दोन, त्याच उत्तरातून त्याने एक उपप्रश्न काढावा. दुसऱ्या उत्तरानंतर मित्राने विचारलं, “ऊस नको म्हणतोस, मग प्रवरेकाठच्या शेतकऱ्याला काय सांगशील?” लोणीला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न पॅनल सहज विचारू शकतं.

हा मित्र शक्यतो दुसऱ्या शाखेचा निवडावा. कृषीचा मित्र आपल्या उत्तरातल्या गाळलेल्या जागा मनातच भरतो. इंजिनिअरिंगचा मित्र तिथेच अडतो. आणि तो सांगत असताना ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ असा खुलासा करू नये. त्याला जे ऐकू गेलं, ते लिहून घ्यावं.

प्रत्येक ‘म्हणजे’ काढायचा नसतो. “ताळेबंद म्हणजे उपलब्ध पाणी आणि गरज यांचा हिशेब,” यातला ‘म्हणजे’ अर्थ सांगतो. तो राहू द्यावा. नगरी वळणालाही हात लावू नये. प्रत्यक्ष मुलाखतीत तर स्वतःचे शब्द मोजूच नयेत. मोजणारा माणूस पुढचा प्रश्न अर्धाच ऐकतो, आणि अर्ध्या ऐकलेल्या प्रश्नाच्या उत्तरात ‘त्या ठिकाणी’ पुन्हा येतंच.