अडकलेलं बिल

भाईजानच्या शिलाई दुकानाचं 80 गणवेशांचं 40,000 रुपयांचं बिल गिऱ्हाईकाने अडवलं. म्हणे, शिलाई खराब. मी म्हटलं, "भाईजान, भांडू नका. कोणते नग खराब, ते लेखी मागा." उत्तर आलं, बारा. म्हणजे वाद फक्त 6,000 चा! बारा गणवेश दुरुस्त करून दिले, बाकीचे 34,000 लगेच मागितले. तरीही टाळाटाळ, तेव्हा वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली. सोबत बिलाची, माल पोचल्याच्या सहीची नक्कल आणि पंधरा दिवसांची मुदत.

पण नोटीस पाठवून स्वस्थ बसू नये. दाव्याची तीन वर्षांची मुदत नोटिशीने वाढत नाही. त्या मुदतीत गिऱ्हाईकाने सहीनिशी बाकी कबूल केली, तर ती कबुलीपासून नव्याने मोजतात.