नव्या कुटुंबाला दिवाळीचं बोलावणं

आपल्या मंडळांच्या आमंत्रणात एक वाक्य हमखास असतं: ‘दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये…’ जुन्या सभासदांना ते घरचं वाटतं. पण जे कुटुंब सप्टेंबरमध्येच जर्मनीत उतरलंय, त्याच्यासाठी ‘दरवर्षी’ही नाही आणि ‘नेहमीचा हॉल’ही नाही. त्याला एवढंच कळतं की इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि आपण कुणाला ओळखत नाही.

मी मूळचा पेडण्याचा. शाळा पणजीत, बी.ई. फर्मागुडीला, आणि गेली आठ वर्षं दक्षिण जर्मनीत सॉफ्टवेअरची नोकरी. आमचं मंडळ लहान आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, त्यांची स्वतःची वास्तू आहे. आम्ही मात्र तासांच्या भाड्यावर हॉल घेतो, आणि तोही दरवेळी तोच मिळत नाही. २०२५च्या दिवाळी स्नेहमेळाव्याचं आमंत्रण लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी पणजीतच होतो, चतुर्थीच्या सुट्टीवर. कच्चा मजकूर आईला वाचून दाखवला. सरस्वतीवंदना, दीपप्रज्वलन, मुलांचे नाच, मनोगतं, सगळं तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवणाचें खंय बरयलां?”

ते खरंच कुठे नव्हतं. ‘फराळ व स्नेहभोजन’ एवढे दोन शब्द होते, वेळ नव्हती. पेडण्यात दहीकाल्याचं नाटक असलं की फलकावर रात्री दहा लिहिलेलं असतं. पालखी झाल्याशिवाय पडदा उघडत नाही हे साऱ्या गावाला माहीत असतं, म्हणून जो तो जेवूनखाऊन निवांत निघतो. ज्याला हे माहीत नाही तो दहाला जाऊन रिकाम्या मांडवात बसतो. परदेशातल्या मेळाव्याला येणाऱ्या नव्या कुटुंबाचं नेमकं हेच होतं. दोन वर्षांचं मूल असेल तर त्यांचा पहिला हिशेब जेवण आणि झोप यांचाच असतो. ‘बारा वाजता’ वाचून ते उपाशी मुलाला घेऊन येतात, आणि पानं मांडली जातात अडीचला. पुढच्या वेळी ते येत नाहीत, आणि का येत नाहीत हे कुणाला सांगतही नाहीत.

म्हणून पहिला बदल केला तो क्रमात. बारा वाजता दार उघडेल, एकला पान वाढलं जाईल, दोनला पणजी-पुण्याच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर गप्पा, सव्वादोनपासून कार्यक्रम, पाचला हॉल रिकामा. मनोगतं जेवणानंतर. यावर समितीत जरा कुरकुर झाली, कारण जेवल्यावर लोक पांगतात म्हणे. पांगू देत की! भुकेल्या माणसाला भाषण ऐकवून थांबवून ठेवणं मला कधी पटलेलं नाही.

वेळेच्या बाबतीत यंदा एक वेगळीच गंमत होती. मेळावा होता रविवार, २६ ऑक्टोबरला, आणि युरोपात त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे जाणार होती. तोपर्यंत भारत आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, त्या दिवसापासून साडेचार. आमंत्रणासोबत कॅलेंडरची फाइल जायची होती. जुन्या नमुन्यावरून तयार झालेल्या त्या फाइलमध्ये उन्हाळ्याची वेळ कायमची कोरलेली होती. पाठवण्याआधी मी ती स्वतःच्या फोनवर उघडून पाहिली, तर बाराचा कार्यक्रम अकराला दिसत होता. जुनी मंडळी एकमेकांना फोन करून खात्री करून घेतात. नवं कुटुंब फोनवर विश्वास ठेवतं आणि अकराला कुलूपबंद दारापाशी येऊन उभं राहतं. यावरचा उपाय एका ओळीचा आहे. किती तासांचा फरक ते लिहायचं नाही, गावाचं नाव लिहायचं, म्हणजे घड्याळ कधी बदलतं ते फोन स्वतः बघून घेतो:

```
DTSTART;TZID=Europe/Berlin:20251026T120000
```

आजी-आजोबांसाठी मात्र भारतीय वेळ वेगळी, अक्षरांत लिहिली: ‘भारतात संध्याकाळी साडेसहा’. जुन्या सवयीनं साडेपाच लिहिलं असतं, तर आई तासभर फोनसमोर बसून राहिली असती. साडेसहा तिच्या दृष्टीनं बरंच होतं, तुळशीपुढे दिवा लावून ती मोकळी झालेली असते.

मग पैशांचा प्रश्न. मोठ्यांना पंधरा युरो, सहा वर्षांखालच्यांना काही नाही, पैसे आगाऊ बँकेत भरायचे, हा आमचा शिरस्ता. यात काय अडचण असणार असं वाटतं. पण जर्मनीत आल्यावर आधी राहता पत्ता नगरपालिकेत नोंदवावा लागतो, त्या नोंदणीची तारीख मिळायलाच कधीकधी आठवडे जातात, आणि बऱ्याच बँका खातं उघडताना तोच कागद मागतात. म्हणजे ज्यांना आवर्जून बोलवायचंय त्यांच्याकडेच खातं नसतं. म्हणून ओळ घातली: ‘खातं अजून उघडलं नसेल तर दारावर रोख द्या. या मेळाव्यासाठी सभासद असण्याची गरज नाही.’ दुसरं वाक्य आम्हाला अनावश्यक वाटत होतं. पण नंतर तीन कुटुंबांनी सांगितलं की त्या वाक्यामुळेच त्यांनी नोंदणी केली.

नोंदणीची मुदत गुरुवार रात्र ठेवली. तिचं कारणही आमंत्रणात लिहिलं, कारण नुसती मुदत टाकली की ती दटावल्यासारखी वाटते. इथे रविवारी दुकानं बंद असतात. जे काही आणायचं ते शनिवारी संध्याकाळपर्यंत घरात हवं, आणि भारतीय किराणावाल्याला शुक्रवारी सकाळी यादी द्यावी लागते. गुरुवारी रात्री यादीत शहाण्णव मोठे आणि एकतीस मुलं होती. पुरी-भाजी सोबत असली की मोठ्या माणसाला पंचाहत्तर ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो, मुलांना चाळीस. हिशेब साडेआठ किलोच्या आत बसला. तांदूळ पाच किलोच्या पिशव्यांत येतो, म्हणून दोन पिशव्या घेतल्या, आणि वीसेक माणसांचा भात आपोआप हाताशी राहिला. एवढं शिल्लक राहणार हे आधीच दिसत होतं, म्हणून आमंत्रणात निर्धास्तपणे लिहिता आलं: ‘नोंदणी राहून गेली असेल तरी या.’

हॉलच्या काही अटी आमंत्रणात सांगाव्याच लागतात. धुराची सूचना देणारी यंत्रणा थेट अग्निशमन दलाला जोडलेली असेल, तर विनाकारण बंब आल्याचं बिल भाडेकरूच्या गळ्यात पडू शकतं. त्यामुळे पणत्या बॅटरीच्या, आणि उदबत्ती नाही. दाराला तीन पायऱ्या आहेत, पण मागच्या बाजूनं बाबागाडी सरळ आत येते, हे लिहिलं. चिवड्यात शेंगदाणे असतात, ते खाऊन ज्या मुलांना त्रास होतो त्यांच्या आईबाबांनी आधी कळवावं, हेही लिहिलं. ताट-वाटी घरून आणायची, ही ओळ तर ठळक अक्षरांत, कारण रविवारी कागदी ताटल्याही कुठे विकत मिळत नाहीत.

इथवर सगळं सोयीचं झालं. अडलं ते ‘सर्व मराठी कुटुंबांना सहकुटुंब, सहपरिवार’ या शब्दांवर.

कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला मला एक संदेश आला होता. डिचोलीच्या एका मुलीचा, नवऱ्याच्या नोकरीसाठी नुकतीच आलेली. तिनं लिहिलं होतं, “आम्ही घरी कोकणी बोलतो. मराठी वाचतो, आरत्या-भजनं सगळी मराठीच. आम्ही आलो तर चालेल का? तिथे आम्हाला मराठी धरतील का?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. पेडण्यात किंवा डिचोलीत वाढलेल्या माणसाला ‘तुम्ही मराठी का?’ या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. घरात कोकणी, देवळात मराठी कीर्तन, रंगमंचावर मराठी नाटक, सकाळी हातात मराठी वर्तमानपत्र. १९८७च्या राजभाषा कायद्यानं गोव्यात देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या सरकारी वापरालाही जागा ठेवली. त्या काळातला वाद थोरल्यांनी रस्त्यावर अनुभवला, आम्ही तो जेवताना ऐकत मोठे झालो. जर्मनीत मी पहिल्यांदा मंडळात गेलो तेव्हा एका काकांनी प्रेमानंच विचारलं होतं, “गोव्याचे? मग मराठी छान बोलता की!” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी त्यानंतर दोन कार्यक्रमांना मी गेलो नाही.

समितीत मी म्हटलं, नुसतं ‘सर्वांचं स्वागत’ लिहून भागत नाही. ज्याला शंका आहे त्याला ‘सर्वां’मध्ये आपण आहोत हे दिसत नाही, त्याला त्याचं नाव वाचायला लागतं. एकाचा आक्षेप होता की अशी यादी केली की कुणीतरी सुटतंच. ते खरं आहे, पण मला सुटण्याचा धोका कमी वाटला. शेवटी असं ठरलं: ‘घरी कोकणी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी काहीही बोलत असाल, जोडीदार मराठी नसेल, मुलं मराठीत उत्तर देत नसतील, एकटेच आला असाल, तरी हे आमंत्रण तुमचंच आहे.’ आणि त्याखाली, ‘दारात पिवळा बिल्ला लावलेली दोन माणसं असतील. पहिल्यांदा येत असाल तर त्यांना सांगा, ती जेवायला तुमच्यासोबत बसतील.’ हे दुसरं वाक्य पाळणं कठीण असतं. बिल्लेवाले दारापाशी असतात, आणि पानं पडली की आपल्याच टोळक्यात जाऊन बसतात. म्हणून त्या दोघांची पानं आधीच नव्यांच्या टेबलावर मांडून ठेवली.

फराळाची ओळही बदलली. चकली, चिवडा, लाडू, अनारसे अशी यादी होती. गोव्यात नरकासुर जाळून झाल्यावर पहाटे कारीट फोडायचं आणि मग घरोघरी पोहे. गुळाचे, ताकातले, नारळाच्या रसातले. आमच्यासाठी दिवाळी म्हणजे तेच पोहे. म्हणून यादी काढून टाकली आणि लिहिलं, ‘तुमच्या घरी दिवाळीच्या सकाळी जे होतं, ते वाटीभर आणा.’

डिचोलीचं कुटुंब पावणेबाराला आलं, तीन डबे घेऊन. तिन्हीत पोहे होते. ताकातल्या पोह्यांपुढे जळगावच्या एक काकू बराच वेळ उभ्या होत्या, हे थंडच खायचे का असं विचारत. मग त्यांनी दोनदा घेतले. व्हिडिओवर आईनं डबे दाखवायला लावले आणि “हळद थोडी चड जाली” असा शेराही मारला.

त्या दिवशी दारात एकच प्रश्न असा आला ज्याचं उत्तर आमंत्रणात नव्हतं: मुलांना पुढे बसवायची मोठी सायकल कुठे लावायची? हॉलच्या डाव्या बाजूला, कुंपणाला लागून जागा आहे. संक्रांतीच्या आमंत्रणात ती ओळ घातली आहे.