६६६ की ६१६? एका अक्षराचा वाद

१/९
बायबलच्या नव्या करारातील शेवटचे पुस्तक म्हणजे ‘प्रकटीकरण’. त्याच्या तेराव्या अध्यायात समुद्रातून वर येणाऱ्या एका श्वापदाचे वर्णन आहे. अध्यायाच्या अखेरीस वाचकाला कोडे घातले आहे: ज्याला बुद्धी आहे त्याने श्वापदाची संख्या मोजावी, कारण ती एका माणसाची संख्या आहे. ही संख्या ६६६ असल्याचे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र काही जुन्या हस्तलिखितांत ती ६१६ आहे.

२/९
‘माणसाची संख्या’ म्हणजे काय? ग्रीक आणि हिब्रू भाषांत अंकांसाठी वेगळी चिन्हे नव्हती, अक्षरेच अंकांचे काम करीत. आपल्याकडील कटपयादी पद्धतीतही अक्षरांना अंकमूल्य असते, पण तेथे अक्षरांवरून संख्येतील एकेक अंक मिळतो. ग्रीक-हिब्रू पद्धतीत अक्षरांच्या मूल्यांची बेरीज करतात. त्यामुळे प्रत्येक नावाला एक संख्या आपोआप मिळे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातील एका भिंतीवर कोणा प्रियकराने आपल्या प्रेयसीची ओळख केवळ ५४५ या संख्येने दिली आहे. नाव जाणणाऱ्याला बेरीज पटते; न जाणणाऱ्याला कोडे सुटत नाही.

३/९
ग्रीकमध्ये ६६६ तीन अक्षरांत लिहीत: खी (६००), क्सी (६०) आणि स्टिग्मा (६). मधल्या ‘क्सी’च्या जागी ‘इओटा’ (१०) आला की संख्या ६१६ होते. सारा वाद या एका अक्षराचा आहे.

४/९
इजिप्तमधील ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या उकिरड्यांतून पपायरसचे हजारो तुकडे निघाले. प्रकटीकरणाच्या एका प्रतीचे २६ तुकडे त्यांत होते. ते १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि ‘पपायरस ११५’ या नावाने ओळखले जातात. काळ साधारण तिसरे शतक. त्यात श्वापदाची संख्या स्पष्ट ६१६ आहे. पॅरिसमधील पाचव्या शतकाच्या एका कोडेक्समध्येही ६१६च आहे, आणि तेथे ती अंकाक्षरांत नसून शब्दांत लिहिलेली आहे. म्हणजे निदान त्या लेखकाचा हात चुकला असे म्हणता येत नाही. त्याला ६१६ हेच लिहायचे होते.

५/९
‘सर्वांत जुन्या प्रतीत ६१६ आहे, म्हणून खरी संख्या ६१६’ हा निष्कर्ष येथून लगेच काढला जातो. तो घाईचा आहे. तिसऱ्या शतकातीलच ‘पपायरस ४७’ या प्रतीत ६६६ आहे. शिवाय या दोन्ही प्रतींहून जुना एक साक्षीदार उपलब्ध आहे.

६/९
तो साक्षीदार म्हणजे लियोंचा बिशप इरेनियस. इ.स. १८०च्या सुमारास लिहिताना त्याला दोन्ही पाठ माहीत होते. चांगल्या आणि जुन्या सर्व प्रतींत ६६६ आहे, असे तो सांगतो. ६१६ ही नकलकाराची चूक असून ‘क्सी’ ताणला जाऊन त्याचा ‘इओटा’ झाला असावा, असे त्याचे अनुमान आहे. आज हाती असलेली प्रत तिसऱ्या शतकातील असली, तरी इरेनियस ज्या ‘जुन्या प्रती’ म्हणतो त्या त्याहून आधीच्या होत्या. त्या नष्ट झाल्या. त्यांचा पाठ मात्र त्याच्या साक्षीतून उरला. प्रतीचे वय आणि पाठाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७/९
पण ६१६ ही निव्वळ चूक होती का? येथे रोमन सम्राट नीरो समोर येतो. ‘नेरोन केसर’ हे ग्रीक वळणाचे नाव हिब्रू अक्षरांत लिहिल्यास ५० + २०० + ६ + ५० आणि १०० + ६० + २००, म्हणजे ६६६. लॅटिन वळणाने ‘नेरो’ म्हटले, तर शेवटचा नून (५०) गळतो आणि बेरीज ६१६ होते. एकच नाव दोन्ही पाठांचा उलगडा करते. लॅटिन उच्चाराची सवय असलेल्या कोणी बेरीज जुळावी म्हणून संख्या जाणूनबुजून बदलली असण्याची शक्यता त्यामुळे उरते.

८/९
या उत्तरालाही मर्यादा आहेत. ‘केसर’ हिब्रूत बहुधा एक जादा अक्षर (योद, १०) घालून लिहीत. तसे केल्यास बेरीज ६७६ होते. आखूड वर्णलेखन मृत समुद्राजवळ मुरब्बात येथे सापडलेल्या नीरोच्या काळातील एका दस्तऐवजात आढळते, म्हणून ते मनचे नाही. तरीही इरेनियस संभाव्य नावे सुचवताना नीरोचा उल्लेखच करीत नाही. शंभर वर्षांच्या आत कोड्याची किल्ली हरवली होती, किंवा किल्ली वेगळीच होती.

९/९
बहुसंख्य अभ्यासक आज मूळ पाठ ६६६ मानतात आणि ६१६ला फार जुना पाठभेद म्हणतात. मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. पाठ बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही अनेक प्रती आणि एकच मूळ असा पेच होता. जुन्यातली जुनी पोथी शोधून तो सुटत नाही. प्रत्येक पाठाला एकच प्रश्न विचारावा लागतो: हा मूळ असेल, तर दुसरा कसा जन्मला? ६६६ मूळ धरल्यास ६१६चा जन्म दोन तऱ्हांनी सांगता येतो, हाताच्या चुकीने किंवा नीरोच्या नावाने. उलट दिशेने पाहिल्यास ६१६चे ६६६ होणेही नीरोच्या नावाने समजते; पण मग इरेनियसच्या जुन्या प्रतींचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.