करावरून पगार काढताना

नववीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ शिकवताना आम्ही मुलांना उत्पन्न देतो आणि कर काढायला सांगतो. आष्ट्यातल्या एका भाभींना हेच गणित उलटं हवं होतं. पोटगीचा दावा चालू होता. नवऱ्याची पगाराची स्लिप हाती नव्हती. फक्त २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा त्याचा एकूण कर १०,४०० रुपये झाला, एवढं कळलं होतं. “सर, यावरून पगार निघेल का?” असं त्यांनी विचारलं.

निघतो, पण शेवटून सुरुवात करावी लागते. कराच्या वर चार टक्के उपकर बसतो, तो आधी काढायचा. त्यासाठी १०,४०० मधून चार टक्के वजा करायचे नाहीत, १.०४ ने भागायचं. मूळ कर आला १०,००० रुपये.

आता टप्पे. त्या वर्षी नव्या पद्धतीत तीन लाखांपर्यंत कर नव्हता, तीन ते सात लाखांवर पाच टक्के आणि सात ते दहा लाखांवर दहा टक्के होता. १०,००० म्हणजे दोन लाखांचे पाच टक्के. तीन लाख अधिक दोन लाख, म्हणजे उत्पन्न पाच लाख. गणित बरोबर दिसतं, पण उत्तर चूक आहे.

ताळा करून बघा. करपात्र उत्पन्न सात लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीने सगळा कर माफ होत होता. मग पाच लाखांवाल्याला १०,००० कर येईलच कसा? जुन्या पद्धतीतही साठीच्या आतल्या माणसाला पाच लाखांपर्यंत माफी, आणि पाच लाख ओलांडले की कर १२,५०० च्या वरच. म्हणजे हा आकडा नव्या पद्धतीतलाच, सात लाखांच्या किंचित वरचा.

सात लाखांवर थोडं उत्पन्न गेलं, तर सात लाखांच्या वर जेवढे रुपये, त्याहून जास्त मूळ कर घेत नाहीत. सात लाख दहा हजारांवर टप्प्यांनी २१,००० कर होतो, पण वरचे रुपये १०,०००, म्हणून कर १०,०००. ही सूट मूळ कर सुमारे २२,२२२ होईपर्यंत चालते. त्याहून जास्त कर असेल तरच टप्प्यांवरून सरळ मागे जायचं.

म्हणून करपात्र उत्पन्न ७,१०,०००. त्यात ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळवली, की एकूण पगार ७,८५,०००. पहिल्या रीतीने तो ५,७५,००० आला असता. पोटगीच्या दाव्यात दोन लाख दहा हजारांचा फरक थोडा नाही.

मात्र १०,४०० हा पूर्ण वर्षाचा, परतावा वजा जाता उरलेला कर हवा, आणि उत्पन्न फक्त पगाराचं हवं. मालकाने एनपीएसमध्ये भरलेला हिस्सा वजावटीत गेला असेल, तर खरा पगार याहून जास्त असतो. कर शून्य असता, तर नव्या पद्धतीत ७,७५,००० पेक्षा जास्त पगार नाही, इतकंच सांगता आलं असतं.

हा आकडा पुरावा नव्हे. पण ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात साडेपाच-सहा लाख लिहिलेले दिसले, तर वकिलाने नेमकं काय विचारायचं, ते भाभींना आता माहीत आहे.