अकरातले दोन

मंडळी, तुमच्या मोबाइलमधलं एखादं अ‍ॅप अपडेट झालं की त्याखाली काय लिहिलेलं असतं, ते कधी वाचलंय? नाही ना? दोष तुमचा नाही. तिथे एक तर ‘बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स’ असतं, म्हणजे काहीच नसतं. नाही तर वाण्याच्या यादीसारखी लांबलचक लिस्ट असते. लिस्टच्या मधोमध तुमच्या कामाची एक गोष्ट असते, पण तिथवर पोहोचेपर्यंत तुमचा अंगठा पुढच्या रीलवर गेलेला असतो.

पत्रकारितेच्या मानधनातून घरभाडं निघत नाही, म्हणून मी फावल्या वेळात अशा कॅप्शन्स लिहिते. अपडेट आलं की इन्स्टाग्रामवर एक पोस्ट पडते, अ‍ॅप स्टोअरमध्ये चार ओळी पडतात. त्या चार ओळी लिहिणारी प्राणी म्हणजे मी. काम वाटतं किरकोळ, पण त्यात एक फंडा आहे आणि तो मला एका डब्याच्या अ‍ॅपने नीट समजावला.

अ‍ॅप पुण्यातलं, छोटंसं. घरगुती डबा करणाऱ्या काकू एका बाजूला, बाणेर-बालेवाडीतली ऑफिसची जनता दुसऱ्या बाजूला. महिन्याचे पैसे भरा, रोज दुपारी पोळी-भाजी टेबलावर. अपडेट तयार झालं तेव्हा माझ्या हातात यादी आली अकरा फीचर्सची. डार्क मोड, नवा लोगो, नवा होम स्क्रीन, अ‍ॅप उघडण्याचा वेग, मित्राला बोलवा, रेटिंग द्या वगैरे वगैरे. वर सूचना : ‘सगळं आलं पाहिजे, आणि जरा एक्सायटिंग कर!’

अकराच्या अकरा टाकायला जागा नव्हती असं नाही. इन्स्टाग्रामची कॅप्शन २२०० अक्षरांपर्यंत चालते. गुगल प्लेमध्ये ‘नवीन काय’ सांगायला एका भाषेला ५०० अक्षरं मिळतात, अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये तर ४०००. पण फीडमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी’ या शब्दामागे लपतं. त्यामुळे ‘काय काय मावेल’ हा प्रश्नच नव्हता. पहिल्या दोन ओळींत कोण बसणार, हा होता.

हे वाचणारा माणूस नवा नाही, हेही लक्षात घ्या. तो रोज डबा खातोय. त्याला ‘पुण्याचं लाडकं डबा अ‍ॅप’ वगैरे सांगून काय उपयोग? ‘आजच डाउनलोड करा’ म्हणायचीही सोय नाही, अ‍ॅप त्याच्या खिशातच आहे. त्याला एवढंच हवंय की काल जे जमत नव्हतं ते आज जमेल का, आणि जमणार असेल तर कुठे बोट लावायचं.

मग मी यादी बाजूला ठेवली आणि मागच्या महिनाभराचे ग्राहकांचे चॅट मागवून घेतले. दुपारभर वाचत बसले. डार्क मोड कुणीही मागितला नव्हता. लोगोचं तर नाव नाही. पण दोन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन:पुन्हा येत होते. एक : ‘सात वाजलेत, उद्याचा डबा कॅन्सल होईल का प्लीज?’ दुसरा : ‘उद्या वर्क फ्रॉम होम आहे, डबा घरी पाठवता येईल का?’

गंमत म्हणजे या दोन्हींची उत्तरं त्या अकरांच्या यादीत होती. सातव्या आणि नवव्या नंबरवर! सातव्यावर लिहिलं होतं ‘एन्हान्स्ड पॉज विंडो’. नवव्यावर ‘मल्टिपल अ‍ॅड्रेस सपोर्ट’. आता सांगा, मीटिंगमधून आठला सुटलेल्या माणसाला ‘पॉज विंडो’ म्हणजे आपला उद्याचा डबा, हे कळणार कसं?

सातव्या नंबरमागे काय आहे ते विचारलं, तेव्हा एक अख्खी गोष्ट निघाली. पूर्वी उद्याचा डबा संध्याकाळी सहाच्या आत बंद करावा लागे, कारण उद्याचा आकडा ऑफिसमधलं कुणी तरी हाताने मोजून काकूंना फोनवर कळवायचं. आता अ‍ॅप स्वत:च नऊ वाजता मोजणी करून काकूंना मेसेज पाठवतं. काकू भाजी निवडून ठेवतात रात्री साडेनऊनंतर आणि कणीक भिजवतात पहाटे, त्यामुळे नऊचा आकडा त्यांना पुरतो. सहा ते नऊ. तीन तास. ऑफिसवाल्याच्या आयुष्यात उद्याचे सगळे प्लॅन याच तीन तासांत बदलतात. आणि बंद न झालेला प्रत्येक डबा म्हणजे कुणाचे तरी पैसे आणि कुणाच्या तरी पोळ्या वाया.

थोडक्यात काय, कॅप्शन अशी तयार झाली :

‘उद्याचा डबा आता रात्री ९ पर्यंत बंद करता येईल.
उद्या घरून काम? एका दिवसापुरता पत्ता बदला, डबा घरी येईल.
दोन्हीसाठी : माझे डबे उघडा, तारखेवर बोट ठेवा.
पत्ता बदलताना : नवा पत्ता त्याच स्वयंपाकघरापासून ५ किमीच्या आत हवा.’

पहिल्या ओळीत ना ‘आम्ही’ आहे, ना व्हर्जन नंबर, ना उद्गारचिन्ह. ती एकटी दिसली तरी बातमी पूर्ण होते. तिसऱ्या ओळीत रस्ता आहे. तो नसला की कमेंट्समध्ये ‘कुठे आहे हे?’ची रांग लागते. आणि पाच किलोमीटरची ओळ खास हडपसरवाल्यांसाठी. ऑफिस बाणेरला आणि घर हडपसरला असलेला माणूस मोठ्या आशेने पत्ता बदलायला जाणार आणि अ‍ॅप त्याला नाही म्हणणार. त्याचा मूड तिथे जाण्याआधी इथेच सांगितलेलं बरं.

दोनच का? तीन का नाहीत? मीही तिसरं बसवून पाहिलं, ‘मित्राला बोलवा’. लगेच सगळ्याचा सूर बदलला. पहिल्या दोन गोष्टी ग्राहकाच्या सोयीच्या होत्या, तिसरी कंपनीच्या. ती आली की वाचणारा पहिल्या दोघींकडेही संशयाने पाहतो. काढून टाकली.

डेव्हलपर मात्र नाराज झाला. तो शांतपणे म्हणाला, ‘अगं, डार्क मोडला मी तीन आठवडे घातलेत. सहा ते नऊ करायला दोन दिवस लागले.’ मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण ग्राहकाला मेहनतीचे तास दिसत नाहीत, त्याला स्वत:ची संध्याकाळ दिसते. तोडगा असा निघाला की पूर्ण यादी अ‍ॅपच्या मदत विभागात राहील, आणि डार्क मोडची आठवण अ‍ॅप रात्री उघडणाऱ्यालाच होईल, तिथल्या तिथे, एका ओळीत. जिथे गरज तिथे बातमी.

खरी खडाजंगी झाली ती अकराव्या नंबरवरून. तिथे बारीक अक्षरात होतं : बंद केलेल्या डब्याचा दिवस आता प्लॅनच्या शेवटी वाढणार नाही, त्याचे पैसे वॉलेटमध्ये जमा होतील आणि ६० दिवसांत वापरावे लागतील. मी ही पाचवी ओळ म्हणून टाकली. मालकीणबाई, माझ्याच वयाची मुलगी, म्हणाली, ‘अगं, दोनच फीचर्स सांगायची ना? तूच म्हणालीस. मग हे कशाला? निगेटिव्ह वाटतं.’

पॉइंट तसा बिनतोड होता. पण दोन चांगल्या गोष्टी निवडणं वेगळं आणि दोन चांगल्या गोष्टींच्या आड तिसरी लपवणं वेगळं. डार्क मोड सांगितला नाही तर कुणाचं काही जात नाही. हे सांगितलं नाही तर जातं. आणि तेही नेमकं आपल्या कॅप्शनवर विश्वास ठेवून रात्री साडेआठला डबा बंद करणाऱ्याचं! महिनाअखेरीला तो दिवस मोजणार, एक कमी भरणार, आणि तो ही पोस्ट शोधून खाली येऊन लिहिणार. मी तिला म्हटलं, ‘ही ओळ नको असेल तर पहिलीही काढूया. दोघींचं लग्न झालंय.’ ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘राहू दे. पण “एक बदल” असं सरळ लिही, “महत्त्वाची सूचना” नको, लोकांना धडकी भरते.’ ही सुधारणा तिची, आणि चांगली होती. शेवटची ओळ झाली : ‘एक बदल : बंद केलेल्या डब्याचे पैसे आता वॉलेटमध्ये जमा होतील, ६० दिवसांत वापरा.’

आता राहिली तारीख. अपडेट तयार झालं म्हणजे सगळ्यांच्या फोनवर पोहोचलं असं नसतं. अ‍ॅपलच्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत ऑटोमॅटिक अपडेट सात दिवसांत पसरतं : पहिल्या दिवशी १ टक्का लोकांना, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी सगळ्यांना. स्टोअरमध्ये जाऊन स्वत: अपडेट करणाऱ्याला ते आधीच मिळतं. गुगल प्लेवरही टक्केवारी ठरवून हळूहळू सोडता येतं. म्हणून स्टोअरमधल्या ओळी पहिल्याच दिवशी गेल्या, कारण त्या वाचणारा अपडेटच्या बटणापाशीच उभा असतो. इन्स्टाची पोस्ट मात्र आठव्या दिवशी टाकली. पहिल्या दिवशी टाकली असती तर शंभरातल्या बहुतेकांनी ‘माझे डबे’ उघडलं असतं, जुनंच पान पाहिलं असतं आणि म्हटलं असतं, च्यायला, फेकतात हे!

पोस्ट जमली की नाही हे लाइक्स सांगत नाहीत. लाइक्स नव्या लोगोलाही मिळतात. मी दोनच गोष्टी बघायला सांगितल्या. सहा ते नऊ या वेळात बंद होणारे डबे, आणि ‘उद्याचा डबा कॅन्सल होईल का प्लीज’ असे चॅट. पहिले वाढायला हवेत, दुसरे आटायला हवेत. पहिले वाढले नाहीत आणि ‘कुठे आहे’ असे प्रश्न आले, तर तिसरी ओळ कच्ची. वॉलेटवरून भांडणं आली, तर पाचवी.

महिनाभराने काकूंना फोन केला, म्हटलं काही फरक? त्यांनी कॅप्शन वाचलेली नव्हती, त्या इन्स्टावर नाहीतच. म्हणाल्या, ‘पूर्वी सकाळी डबे भरल्यावर फोन यायचे, आज नको म्हणून. आता रात्रीच कळतं. कणीक मोजून भिजवते.’