चड्डीचा नियम

शिक्षकमित्रांनो, संभाजीनगरातल्या माझ्या दवाखान्यात दुसरीतली एक मुलगी लघवीला जळजळ होते म्हणून आली होती. तपासायला गेलो तर म्हणाली, "तिथं कुणी हात लावायचा नाही, बाईंनी सांगितलंय." मला बरं वाटलं. नियम पक्का होता, फक्त अर्धा होता. उरलेला मी सांगितला, "दुखत असेल तर डॉक्टर बघतात, पण आई शेजारी असताना. आणि ते गुपित नसतं." मग आईचा हात धरून तिने तपासू दिलं.

आपण 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवतो. पण त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो. तो गुदगुल्या करतो, खाऊ देतो. मुलाला ते वाईट वाटेलच असं नाही. म्हणून भावनेपेक्षा नियम शिकवा: चड्डीच्या आतल्या भागाला कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही. कुणी 'सांगू नकोस' म्हटलं, तर हमखास सांगायचं.

कुणाला सांगायचं? पाच बोटांवर विश्वासाची पाच माणसं मोजून घ्या, त्यात एकतरी घराबाहेरचं हवं. एकानं ऐकलं नाही तर पुढच्या बोटाकडे जायचं.

ते बोट तुम्हीच असाल तर खोदून विचारू नका. "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही," एवढं म्हणा आणि मुलाचेच शब्द लिहून ठेवा. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. फक्त मुख्याध्यापकांना सांगून जबाबदारी संपत नाही. मदतीसाठी १०९८ आहेच.